हळूहळू फिकटणारा गुलाबी: अमोनियाची बाटली परत जाता जाता राहिली

पार्श्वभूमी

हे प्रकरण तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजचं आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण यातली निम्मी चूक माझी स्वतःची आहे. मी तिथे बी.एस्सी.च्या मुलांची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते.

जुलैत नव्या वर्षाचं सामान आलं, त्यात लिकर अमोनियाच्या दोन बाटल्या होत्या. लेबलवर २५ टक्के असं छापलेलं. लिकर अमोनिया म्हणजे पाण्यात विरघळवलेला अमोनिया वायू. बूच उघडलं की वायू निसटायला लागतो, त्यामुळे जुन्या बाटलीची टक्केवारी लेबलपेक्षा कमी भरणं ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणूनच आमच्याकडे दर वर्षी पहिल्या महिन्यात नव्या बाटलीचं टायट्रेशन करून टक्केवारी काढतात. मुलांचा सराव होतो आणि साठ्याच्या वहीत आकडाही लिहिला जातो, दोन्ही कामं एकदम.

पद्धत साधी आहे. बुचाच्या फ्लास्कमध्ये थोडं डिस्टिल्ड वॉटर घेऊन वजन करायचं. त्यात रबरी फुग्याच्या पिपेटने दोनेक मिलिलिटर अमोनिया पाण्याखाली सोडायचा, लगेच बूच लावायचं आणि पुन्हा वजन करायचं. आमचं वजन १.७४० ग्रॅम आलं. ते सगळं धुऊन २५० मिलिलिटरच्या मेजरिंग फ्लास्कमध्ये घेतलं आणि खुणेपर्यंत पाणी भरलं. यातले २५ मिलिलिटर कॉनिकल फ्लास्कमध्ये, ब्युरेटमध्ये ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. फ्लास्कमध्ये दर्शकाचे, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या पदार्थाचे, थेंब घालायचे आणि रंग बदलेपर्यंत आम्ल सोडायचं. अशा आम्लाचा एक मिलिलिटर १.७०३ मिलिग्रॅम अमोनियाला पुरतो. बाकी सगळा गुणाकार.

अडचण

त्या दिवशी चार गट होते आणि चौघांनी एकाच फ्लास्कमधलं द्रावण वापरलं. ब्युरेटची रीडिंगं आली २०.६, २१.४, २२.० आणि २२.५ मिलिलिटर. सरासरी काढली २१.६, आणि हिशोबाने बाटलीत २१.२ टक्के अमोनिया. लेबलवर २५.

आमचे लॅब असिस्टंट, ज्यांना सगळे मामा म्हणतात, आकडा ऐकून म्हणाले, "मॅडम, मी म्हणत होतो ना, बूच सैल होतं. परत पाठवू या." परत पाठवायचं पत्र टाइप होऊन माझ्या टेबलावर आलं. मी पेनही उघडलं होतं.

या निष्कर्षात खटकण्यासारखं वरवर काहीच नव्हतं, आणि हीच त्यातली गोम. अमोनिया उडतो हे सगळ्यांना माहीत. कमी आलेला आकडा त्या माहितीत इतका चपखल बसला की तो तपासावा असं कुणाच्या मनात आलं नाही. आकडा लेबलपेक्षा जास्त आला असता, तर आम्ही पहिल्याच मिनिटाला चूक शोधायला लागलो असतो.

सही अडली ती एका मुलीच्या तक्रारीमुळे. २०.६ रीडिंग तिच्या गटाचं होतं. "मॅडम, रंग नक्की कधी गेला तेच कळत नव्हतं. पाच मिलिलिटरपासून फिका पडायला लागला आणि पडतच राहिला. शेवटी मीच म्हटलं, आता गेला."

पहिला निर्णय: रीडिंगमधली फाकाफाक कशाची?

पत्र बाजूला ठेवून चारही रीडिंगं फळ्यावर लिहिली. बाटलीतून अमोनिया उडाला असता, तर तो चौघांसाठी सारखाच उडाला असता. द्रावण एकच, पिपेट एकाच मापाच्या. अशा वेळी आकडे सगळे मिळून खाली यायला हवेत, पण एकमेकांजवळ राहायला हवेत. आमच्या आकड्यांत जवळजवळ दोन मिलिलिटरचं अंतर होतं. नीट टायट्रेशन करणाऱ्या दोन मुलांत ०.१ मिलिलिटरचा फरक पडतो, फार तर ०.२ चा.

मेजरिंग फ्लास्क उघडा राहून अमोनिया उडत गेला असेल, ही शंका उरली होती. तसं असतं तर आधी टायट्रेशन करणाऱ्यांचं रीडिंग जास्त आणि नंतरच्यांचं कमी आलं असतं. क्रम विचारला. सगळ्यात शेवटी केलेल्या गटाचं रीडिंग २२.५ होतं, म्हणजे सगळ्यांत मोठं. ही शंकाही गेली.

आम्लाची संहती ०.१ मोलरपेक्षा जास्त असेल तरी रीडिंग कमी येतं. ते तपासायला अर्धा तास लागला. १.३२५ ग्रॅम कोरडं सोडियम कार्बोनेट २५० मिलिलिटरमध्ये विरघळवलं आणि त्यातले २५ मिलिलिटर मिथिल ऑरेंज घालून टायट्रेट केले. २५.० मिलिलिटर आम्ल लागलं. आम्ल बरोबर ०.१ मोलर होतं.

मग टेबलावरच्या दर्शकाच्या बाटलीकडे लक्ष गेलं. फिनॉल्फ्थॅलीन! आदल्या आठवड्यात व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने मोजलं होतं. त्याला हाच दर्शक लागतो, म्हणून बाटली स्टँडवर होती आणि मुलांनी तीच उचलली. मी त्यांना दर्शकाचं नाव सांगितलंच नव्हतं. "दर्शक घाला" एवढंच म्हणाले होते.

समोर असलेले पर्याय

इथून पुढे काय करायचं यावर स्टाफरूममध्ये थोडी वादावादी झाली. एक सहकारी म्हणाले, मिथिल ऑरेंज घालून पुन्हा करा, आकडा बरोबर येईल, विषय संपवा. सल्ला चुकीचा नव्हता. पण मुलांच्या हाती फक्त "हा नको, तो घ्या" एवढाच नियम आला असता, आणि पुढच्या वर्षी स्टँडवर दुसरीच बाटली असती.

दुसरा पर्याय सुचवला तो मुलांनीच. रंग पूर्ण जायची वाट बघायची, म्हणजे सगळ्यांचं रीडिंग सारखं येईल. हे अर्धं खरं आहे. पांढऱ्या कागदावर फ्लास्क ठेवून शेवटची गुलाबी छटा जाईपर्यंत थांबलं, तर साधारण २२.५ ला सगळे एकत्र येतात. आकडे एकमेकांना जुळतात, बाटलीला मात्र जुळत नाहीत. मला वाटतं हा पर्याय सगळ्यांत घातक होता, कारण त्याने फाकाफाक नाहीशी झाली असती आणि चूक तशीच राहिली असती. चूक उघडी पाडणारी खूण पुसली गेली असती ती वेगळीच.

आम्ही तिसरा रस्ता घेतला: दर्शक बाजूला ठेवायचा, पीएच मीटर लावायचा आणि फ्लास्कमध्ये नेमकं काय होतं ते आकड्यांत बघायचं.

मीटरवर काय दिसलं

मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफर गोळ्यांच्या द्रावणांवर लावून घेतला. सामू, म्हणजेच पीएच, ११ पासून २ पर्यंत मोजायचा होता, म्हणून एकट्या ७ वर भागलं नसतं. अमोनिया उडू नये म्हणून बीकरऐवजी अरुंद तोंडाचं भांडं घेतलं आणि ढवळणी मंद ठेवली.

| आम्ल (मिलि) | सामू |
|---|---|
| ० | ११.१ |
| ५.० | ९.८ |
| १२.५ | ९.२ |
| २०.० | ८.६ |
| २२.५ | ८.३ |
| २४.५ | ७.५ |
| २४.९ | ६.८ |
| २५.० | ५.३ |
| २५.१ | ३.७ |
| २५.५ | ३.० |

या तक्त्यात मुलांना सगळ्यांत आधी दिसला तो मधला लांबलचक उतार. ५ पासून २२.५ मिलिलिटरपर्यंत साडेसतरा मिलिलिटर आम्ल पडलं आणि सामू जेमतेम दीड अंकाने उतरला. या टप्प्यात भांड्यात अमोनिया आणि अमोनियम आयन दोन्ही असतात. आम्लाचा थेंब पडला की त्याचा प्रोटॉन अमोनिया उचलून घेतो, अमोनियम थोडा वाढतो, अमोनिया थोडा घटतो. सामू या दोघांच्या गुणोत्तरावर ठरतो आणि गुणोत्तर हळूहळूच बदलतं. बरोबर निम्म्या वाटेवर, १२.५ ला, दोघं सारखे असतात आणि सामू ९.२५ च्या आसपास असतो. हा अमोनियम आयनाचा स्वतःचा आकडा, पीकेए.

फिनॉल्फ्थॅलीन रंग बदलतं ते सामू १० ते ८.३ या पट्ट्यात. तो पट्टा या उतारावर ठेवून बघितला. सामू १० येतो सुमारे ३.८ मिलिलिटरला आणि ८.३ येतो २२.५ ला. म्हणजे ज्या बदलाने एका थेंबात व्हायला हवं होतं, तो जवळजवळ एकोणीस मिलिलिटरवर पसरला होता. "पाच मिलिलिटरपासून फिका पडायला लागला" असं ती मुलगी म्हणाली होती, ते अक्षरशः खरं होतं. आणि रंग पूर्ण गेला तेव्हाही नऊ अमोनियम आयनांमागे अमोनियाचा एक रेणू शिल्लक होता, म्हणून दहा टक्के कमी.

व्हिनेगरच्या प्रयोगात हाच दर्शक चोख चालला होता, कारण तिथे सोडियम अ‍ॅसिटेट बनतं आणि समतुल्य बिंदू, म्हणजे आम्ल आणि आम्लारी मोलांनी बरोबरीला येतात ती जागा, ७ च्या वर असतो. अमोनियाचं चित्र त्याच्या बरोबर उलटं आहे.

"पण सातला थांबलो तर?"

तक्ता भरताना एका मुलाने २४.८५ ला हात वर केला. सामू ७.० दिसत होता. "मॅडम, झालं. आम्ल आणि आम्लारी सारखे झाले, म्हणजे उदासीन, म्हणजे सात."

हे वाक्य त्याचं नव्हतं, माझं होतं. दोन आठवड्यांपूर्वी मीच फळ्यावर उदासीनीकरणाचं समीकरण लिहून खाली "सामू ७" लिहिलं होतं. तेव्हा उदाहरण सोडियम हायड्रॉक्साइडचं होतं, त्यामुळे तिथे ते बरोबर होतं. पण "तीव्र आम्ल, तीव्र आम्लारी" ही अट मी फळ्यावर लिहिली नव्हती.

आता गंमत अशी की सातला थांबलेल्या मुलाची चूक किती, तर ०.१५ मिलिलिटर, अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. प्रात्यक्षिकाच्या गुणांत ती खपून जाते. त्यामुळे "सात म्हणजे शेवट" ही समजूत अमोनियाच्या टायट्रेशनमध्ये वर्षानुवर्षं पकडली जात नाही. ती पकडायची तर अमोनियाहून सौम्य आम्लारी घ्यावी लागते. पिरिडीनचा विचार करा. त्याच्या आयनाचा पीकेए ५.२ च्या आसपास आहे. ०.१ मोलर पिरिडीनचे २५ मिलिलिटर घेऊन सामू ७ ला थांबलात, तर आम्ल पडलेलं असेल अर्ध्या मिलिलिटरहूनही कमी. हवं होतं २५. सातला स्वतःचं असं काही महत्त्व नाही हे त्या उदाहरणात लपत नाही. (पिरिडीन आम्ही प्रत्यक्ष घेतलं नाही. वास लॅबभर दोन दिवस राहतो, आणि मामांनी तेव्हा मला माफ केलं नसतं.)

मुलाने मात्र हार मानली नाही. त्याचं म्हणणं, मीटर चुकतोय. २५.० ला ५.३ कसा येईल? ना आम्ल उरलंय ना आम्लारी.

दुसरा निर्णय: टायट्रेशनशिवाय पडताळणी

वाद मीटरवर जायला लागला तेव्हा मी ठरवलं की टायट्रेशन थोडा वेळ सोडून द्यायचं. समतुल्य बिंदूला भांड्यात काय असतं? अमोनियम क्लोराइड आणि पाणी, दुसरं काही नाही. २५ मिलिलिटर अमोनियात २५ मिलिलिटर आम्ल पडलं, म्हणजे एकूण ५० झाले आणि ०.१ चे ०.०५ मोलर झाले. मग तेच द्रावण थेट बाटलीतल्या पुडीतून करू.

अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर जो फिरवतो आणि ज्याचा पांढरा धूर डोळ्यांना झोंबतो, तोच. त्या उष्णतेला तो फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वेगळे होतात आणि तांब्यावरचा काळा थर निघतो. इथे आम्ही तो थंड पाण्यात घेतला: ०.२६७ ग्रॅम, १०० मिलिलिटरमध्ये.

मीटरने दाखवलं ५.३.

कुठलं आम्ल ओतलेलं नाही, अमोनिया उरायचा प्रश्न नाही, ब्युरेटची चूक नाही. नुसतं मीठ, आणि द्रावण आम्लधर्मी. लगेच दुसऱ्या मुलीने शंका काढली, आणि ती शंका रास्त होती. "आपलं डिस्टिल्ड वॉटरच ५.८ दाखवतं." उघड्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि सामू सहाच्या खाली येतो, हे खरं आहे. मग पाणी दहा मिनिटं उकळून, झाकून थंड केलं आणि त्याच पाण्यात दोन द्रावणं केली, ०.०५ मोलर साधं मीठ आणि ०.०५ मोलर नवसागर. मिठाचं द्रावण सातच्या जवळ आलं, ६.८. नवसागराचं पुन्हा ५.३. पाणी तेच, मीटर तोच, क्लोराइडही तेवढंच. फरक फक्त सोडियम आणि अमोनियम यांचा.

मुलाचा मीटरवरचा आक्षेप इथे संपला. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणात सगळ्यांत उपयोगी पडली ती ही वीस मिनिटं.

कारण

सोडियम आयनाकडे पाण्याला देण्यासारखं काही नाही. अमोनियम आयनाकडे आहे: अमोनियाने आम्लाकडून घेतलेला प्रोटॉन. अमोनिया सौम्य आम्लारी आहे याचा अर्थच असा की त्याची प्रोटॉनवरची पकड ढिली आहे. घेतलेला प्रोटॉन तो थोड्या प्रमाणात पाण्याला देऊन टाकतो.

```
NH4+ + H2O  ⇌  NH3 + H3O+
```

किती प्रमाणात? अमोनियमचा Ka सुमारे ५.६ × १०⁻¹⁰ आहे. ०.०५ मोलर द्रावणात हायड्रोजन आयनांची संहती म्हणजे Ka आणि ०.०५ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, ते येतं ५.३ × १०⁻⁶. सामू ५.२८. म्हणजे दहा हजार अमोनियम आयनांतला जेमतेम एक प्रोटॉन सोडतो. एवढासा वाटणारा हा आकडा शुद्ध पाण्यातल्या हायड्रोजन आयनांच्या मात्र पन्नास पट आहे, कारण पाण्यात ते असतातच १०⁻⁷ इतके थोडे.

मुलांचा गोंधळ शब्दाने वाढवला होता. "समतुल्य" हा मोजणीचा शब्द आहे: जेवढे मोल अमोनिया तेवढेच मोल आम्ल. "उदासीन" हा द्रावणाच्या स्वभावाचा शब्द आहे. पहिली गोष्ट झाली की दुसरी आपोआप होते, हे फक्त दोन्ही बाजू तीव्र असल्या तर. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये दोन्ही एकाच थेंबाला घडतात, शिवाय सामू त्या थेंबाभोवती १० वरून ४ पर्यंत कोसळतो. त्यामुळे तिथे फिनॉल्फ्थॅलीन चालतं, मिथिल ऑरेंज चालतं, काहीही चालतं. "दर्शक घाला" म्हणायची माझी सवय तिथलीच.

आणि ५.३ हाही काही कोरलेला आकडा नाही. ०.०१ मोलर द्रावणं घेतली तर समतुल्य बिंदू ५.८ च्या जवळ येतो, १ मोलर घेतली तर ४.८. मे महिन्यात आमच्या लॅबचा पारा ३५ वर असतो, तेव्हा ०.१ मोलरचाही ५.१ च्या आसपास उतरतो. म्हणून मी मुलांना ५.३ पाठ करायला सांगत नाही. भांड्यात शेवटी कोणतं मीठ किती आहे ते आधी लिहा, मग सामू काढा.

प्रत्यक्ष केलेली कृती

दर्शकाची निवड आता तक्त्यावरूनच ठरली. २४.९ ते २५.१ या ०.२ मिलिलिटरमध्ये सामू ६.८ वरून ३.७ वर येतो. दर्शकाचा पट्टा या उडीच्या आत बसला पाहिजे. मिथिल रेड ६.२ ते ४.४ मध्ये पिवळ्यावरून लाल होतं, अगदी मधोमध. मिथिल ऑरेंजचा पट्टा ४.४ ते ३.१ आहे, त्याने अर्धा-एक थेंब जास्त जातो. तो माझ्या मते सोसण्यासारखा आहे, पण मिथिल रेड हाताशी असताना सोसायचा कशाला?

चारही गटांनी मिथिल रेड घेऊन पुन्हा टायट्रेशन केलं. २४.९, २५.०, २५.०, २४.९. रंग एका थेंबात बदलतो हे बघून २०.६ वाली मुलगी म्हणाली, "असं असतं होय!" तिने आधी जे केलं ते चुकीच्या हाताने नव्हतं. चुकीच्या जागी उभं राहून ती नीट बघत होती.

एक शंका राहिली. टायट्रेशन चालू असताना फ्लास्कमधून थोडा अमोनिया उडत असेल का? ते बघायला उलट टायट्रेशन केलं. ५०.० मिलिलिटर ०.१ मोलर आम्ल आधी घेतलं, पिपेटचं टोक त्यात बुडवून २५ मिलिलिटर अमोनिया सोडला. आम्ल आधीच हजर, त्यामुळे अमोनिया पडल्याबरोबर बांधला जातो. उरलेलं आम्ल ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने मोजलं: २४.९ लागलं, म्हणजे अमोनियाने २५.१ खाल्लं. थेट पद्धतीपेक्षा ०.१ ते ०.२ जास्त. एवढंच उडत होतं.

इथे एका गटाला वाटलं की आता ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड आहे, म्हणजे फिनॉल्फ्थॅलीन चालेल. मी अडवलं नाही. गुलाबी छटा २७.४ ला आली. आम्ल संपल्यावर हायड्रॉक्साइड थेट अमोनियमला फोडायला लागतं, आणि सामू ८.३ ला पोचेपर्यंत दहा टक्के अमोनियम पुन्हा अमोनिया झालेला असतो. हिशोब केला तर अमोनिया २२.६, म्हणजे फिरून तीच चूक. ब्युरेटमध्ये काय आहे यावर दर्शक ठरत नाही.

निष्पन्न

बाटलीची टक्केवारी आली २४.५. वजनाच्या पायरीवर आणि बाटली उघडताना थोडा वायू गेला असणार हे धरलं, तर २५ च्या लेबलशी भांडण्यासारखं काही उरलं नाही. परत पाठवायचं पत्र रद्द झालं. मामा म्हणाले, "पण बूच सैल आहेच." बघितलं तर खरोखरच होतं, ते बदललं.

पुन्हा वेळ आली तर

मीटर लावण्याआधी नवसागराचं द्रावण करीन. त्याला ब्युरेट लागत नाही, वीस मिनिटांत होतं, आणि समतुल्य बिंदू सातखाली का हे वाद सुरू व्हायच्या आधीच भांड्यात दिसतं. आम्ही ते मागून केलं, कारण मलाही तोपर्यंत प्रश्न दर्शकाचाच वाटत होता.

दुसरं, मुलांना ब्युरेटचं एकच रीडिंग लिहायला लावणं थांबवलं आहे. रंग बदलायला लागला तो आकडा आणि बदल पूर्ण झाला तो आकडा, असे दोन लिहायचे. दोहोंत एक-दोन थेंबांचं अंतर असेल तर ठीक. त्या दिवशी हे दोन आकडे जर्नलमध्ये असते, तर ५ आणि २०.६ हे शेजारी शेजारी दिसले असते आणि पत्र टाइपच झालं नसतं.

एक गोष्ट मात्र या पद्धतीने सुटत नाही. बाटली महिनोन् महिने अर्धी उघडी राहिली, तर अमोनिया हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्यात कार्बोनेट तयार होतं. मिथिल रेडपर्यंत जाताना आम्ल तेही खातं, आणि आपण ते अमोनिया म्हणूनच मोजतो. ते मोजणं चूक नसतं, कारण त्यातला अमोनियम मुळात अमोनियाच होता. पण शेवटाजवळ सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे रंग थेंबभर मागेपुढे होतो. लाल दिसल्यावर फ्लास्क हलवला आणि पुन्हा पिवळसर झालं, तर हेच समजायचं. तेव्हा उलट टायट्रेशनच करावं: आम्ल जास्त असतानाच मिश्रण उकळून कार्बन डायऑक्साइड घालवायचा, थंड करायचं आणि मग मोजायचं. अमोनिया तोपर्यंत अमोनियम झालेला असतो, तो उकळताना उडत नाही.

त्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सातला थांबणाऱ्या त्याच मुलाला विचारलं, अमोनियाच्या टायट्रेशनचा समतुल्य बिंदू किती. तो म्हणाला, "किती मोलर, सर?"